बायोडाटा अडीच पानांचा, टिपण एका पानाचं : नोकरीच्या अर्जात नेमकं काय वाचलं जातं?

जाहिरात निघते, गावातली पोरं बायोडाटा तयार करून पाठवतात आणि मग वाट बघत बसतात. पलीकडे त्या कागदाचं काय होतं, हे बहुतेकांना कधीच कळत नाही. ज्याला नेमणूक करायची असते तो साहेब दरवेळी सगळे अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोच असं नाही. त्याच्या टेबलावर येतं ते कार्यालयातल्या कुणीतरी केलेलं टिपण. त्या एका पानावर ठरतं, की मुलाखतीला कुणाला बोलवायचं आणि बोलावलं तर काय विचारायचं.

हे टिपण कसं तयार होतं, त्यात काय लिहितात, काय लिहायचं नसतं आणि अर्जातला कुठला शब्द तपासायला लागतो, हे एका नमुन्यावरून पाहू.

आधी पद, मग अर्ज

समजा, सोयाबीन-कापूस पट्ट्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. अशा कंपनीला कायद्याने ५ ते १५ संचालक असतात आणि रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे सीईओ बघतो. कंपनीला हिशेबनीस हवा आहे. जून २०२५ मध्ये जाहिरात दिली आणि २७ अर्ज आले. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची खरेदी सुरू होईल, त्याआधी माणूस खुर्चीवर बसलेला हवा.

घाई असण्याचं कारणही आहे. गेल्या हंगामात गोदामाचं रजिस्टर आणि टॅलीतला साठा जुळला नाही, लेखापरीक्षकाने शेरा मारला आणि सभासदांच्या हिशेबपट्ट्या उशिरा निघाल्या. त्यामुळे यंदा माणूस चुकला तर फटका थेट शेतकऱ्याच्या पैशाला बसणार.

सीईओंनी कार्यालयातल्या लिपिक ताईंना सांगितलं, "ताई, प्रत्येक अर्जाचं एक पान करून द्या. कोण चांगला, कोण वाईट ते लिहू नका. अर्जात काय आहे, काय नाही आणि काय विचारायला लागेल, एवढंच द्या."

ताईंनी अर्जांना हात लावण्याआधी एक काम केलं. पदासाठी खरोखर काय लागतं ते चार ओळींत लिहून घेतलं. पहिलं, टॅलीवर रोजची खरेदी-विक्री आणि साठ्याची नोंद. दुसरं, जीएसटीची विवरणपत्रं वेळेवर तयार करणं. तिसरं, हंगामात दिवसाला शंभर-दीडशे शेतकऱ्यांची वजनपावती आणि हिशेबपट्टी सांभाळणं. चौथं, किमान दोन वर्षांचा हिशेबाचा अनुभव.

हे आधी लिहिलं नाही, तर ज्याचा बायोडाटा देखणा तोच डोळ्यांत भरतो. रंगीत बॉर्डर, फोटो, छंदांची यादी आणि इंग्रजीतलं मोठं उद्दिष्ट यांचा हिशेबाच्या खुर्चीशी काही संबंध नसतो. चार ओळी समोर असल्या की सत्तावीसच्या सत्तावीस अर्ज एकाच मापाने मोजले जातात. शिफारशीची चिठ्ठी घेऊन आलेला अर्जही त्याच मापात बसतो.

अर्जात काय होतं

त्यातला एक अर्ज अडीच पानांचा होता. अर्जदाराने वरच लिहिलं होतं : "अकाउंट्स क्षेत्रातला ९ वर्षांचा अनुभव." शिक्षण बी.कॉम. २०१६, द्वितीय श्रेणी. त्याखाली एम.कॉम. आणि कंसात "अपिअर्ड". एमएससीआयटी, टॅलीचं प्रमाणपत्र आणि मराठी टंकलेखन ३०.

नोकऱ्या तीन. पहिली तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लिपिक, २०१६ ते २०१८. दुसरी पुण्यात सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंट असिस्टंट, जून २०१९ ते मार्च २०२१. तिसरी एका जिनिंग मिलमध्ये "अकाउंट्स मॅनेजर", जानेवारी २०२२ पासून आजपर्यंत.

आणि कामगिरीत तीन वाक्यं : "पतसंस्थेच्या शाखेची वसुली ६० टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर नेली." "मिलची १५ कोटींची उलाढाल सांभाळली." "जीएसटीमध्ये कंपनीचे ४ लाख रुपये वाचवले."

वाचल्यावर माणूस भारी वाटतो. तो तसा असेलही. पण टिपण करणाऱ्याने इथे भारावून जायचं नसतं आणि नाकही मुरडायचं नसतं. पेन घेऊन महिने मोजायला बसायचं असतं.

साल नव्हे, महिना मोजायचा

"२०१६ ते २०१८" हे वाचताना दोन-तीन वर्षं वाटतात. पण यात किती महिने मावतात ते पाहा. बी.कॉम.चा निकाल २०१६ च्या उन्हाळ्यातला धरला, तर नोकरी लवकरात लवकर जुलै २०१६ ला लागली आणि डिसेंबर २०१८ पर्यंत चालली असं म्हणता येईल. हे झाले ३० महिने. उलट ती डिसेंबर २०१६ ला लागून जानेवारी २०१८ ला संपली असेल, तरी अर्जात "२०१६ ते २०१८" असंच लिहिता येतं. ते होतात फक्त १४ महिने. लिहिलेलं एकच, पण अर्थात दुपटीपेक्षा जास्त फरक.

याचा परिणाम पुढच्या खंडावरही होतो. दुसरी नोकरी जून २०१९ ची. पहिली डिसेंबर २०१८ ला संपली असेल तर मधे ५ महिने रिकामे. जानेवारी २०१८ ला संपली असेल तर १६ महिने रिकामे.

आता एकूण अनुभव. पुण्याची नोकरी २२ महिने. मिलची नोकरी जानेवारी २०२२ ते जून २०२५, म्हणजे ४२ महिने. त्यात पतसंस्थेचे १४ ते ३० महिने मिळवले तर बेरीज ७८ ते ९४ महिने होते. म्हणजे साडेसहा वर्षांपासून पावणेआठ वर्षांच्या थोडं वर. ९ वर्षं कुठूनही होत नाहीत.

मग ९ आले कुठून? २०१६ पासून २०२५ पर्यंत सरळ वजाबाकी केली, मधले रिकामे महिने त्यातच धरले. बरेच जण असं करतात आणि सगळेच फसवायला करतात असं नाही. म्हणून ताईंनी टिपणात "अनुभव खोटा" असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं : "अर्जात ९ वर्षं. दिलेल्या तारखांनुसार ६ वर्षं ६ महिने ते ७ वर्षं १० महिने. पदाला २ वर्षं लागतात, ती दोन्ही हिशेबांनी पूर्ण होतात."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ९ आणि साडेसहा यातला फरक दिसला म्हणून अर्ज बाजूला टाकला असता, तर कामाला पुरेसा अनुभव असलेला माणूस एका बेरजेपायी गेला असता. फरक नोंदवायचा, पण त्याने पदाच्या गरजेला धक्का लागतो का, हेही शेजारीच लिहायचं.

खंड म्हणजे खोट नव्हे

अर्जात दोन खंड दिसतात. एक पतसंस्था आणि पुणे यांच्या मधला, ५ ते १६ महिन्यांचा. दुसरा एप्रिल ते डिसेंबर २०२१, म्हणजे ९ महिन्यांचा. दोन्हींबद्दल अर्जात एक शब्द नाही.

ग्रामीण भागातल्या अर्जांत खंडाची कारणं बहुतेक ओळखीचीच असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी, घरातलं आजारपण, बाळंतपण, शेतीचं काम, कंपनी बंद पडणं. एप्रिल २०२१ म्हटलं की कोरोनाची दुसरी लाट कुणालाही आठवेल. तरीपण टिपणात "कोरोनामुळे नोकरी गेली असावी" असा अंदाज लिहायचा नसतो. अंदाज बरोबर निघाला तरी तो टिपण करणाऱ्याचा असतो, उमेदवाराचा नसतो. आणि चुकीचा निघाला तर साहेबाच्या मनात आधीच एक गोष्ट तयार होऊन बसलेली असते.

लिहायचं फक्त एवढं : "एप्रिल ते डिसेंबर २०२१, ९ महिने, अर्जात कारण नाही. विचारावं."

तसंच "नाही" आणि "अर्जात नाही" या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. या अर्जात साठा रजिस्टरचा कुठे उल्लेख नव्हता. ताईंच्या पहिल्या मसुद्यात "साठ्याच्या नोंदीचा अनुभव नाही" असं पडलं होतं. पुन्हा वाचताना त्यांनी ते बदलून "साठ्याच्या नोंदीचा उल्लेख अर्जात नाही" असं केलं. जिनिंग मिलमध्ये कापूस, रुई आणि सरकी यांचा साठा रोज मोजावा लागतो. तिथे साडेतीन वर्षं काढलेल्या माणसाने तो बघितला असण्याची शक्यता चांगली आहे, फक्त त्याला लिहायचं सुचलं नसेल.

जिनिंगचा आणखी एक मुद्दा होता, तो बाहेरगावच्या माणसाच्या लक्षात आला नसता. जिनिंग हंगामी धंदा आहे. कापूस यायला लागला की मिल चालते आणि उन्हाळ्याच्या सुमारास थंडावते. काही माणसं बारमाही पगारावर असतात, काही फक्त हंगामापुरती. त्यामुळे "जानेवारी २०२२ पासून आजपर्यंत" हे सलग ४२ महिने आहेत की चार हंगाम, हा प्रश्न टिपणात गेला.

"सांभाळली" म्हणजे नेमकं काय केलं?

कामगिरीची वाक्यं तपासायची एक साधी रीत आहे. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावायचे : आकडा कुठल्या तारखेचा आहे, त्यातला याचा स्वतःचा वाटा किती आणि हे कुठल्या कागदावर दिसेल.

वसुलीचं वाक्य घ्या. ६० वरून ९२ टक्के. पण ६० टक्के कधीचे आणि ९२ कधीचे? पतसंस्थेत मार्चअखेर जवळ आला की वसुलीचा जोर लागतो. सप्टेंबरचा आकडा आणि मार्चचा आकडा शेजारी ठेवला, तर कुणाच्याही काळात वसुली वाढलेलीच दिसेल. खरी वाढ बघायची तर एका मार्चची तुलना दुसऱ्या मार्चशी करावी लागते. शिवाय थकबाकीची वसुली एकटा लिपिक करत नाही. शाखाधिकारी असतो, वसुली अधिकारी असतो, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली दाखले घ्यावे लागतात. मग यात लिपिकाचा वाटा कोणता? याचा कागद मात्र मिळू शकतो. पतसंस्थेचा छापील वार्षिक अहवाल सभासदांना वाटला जातो आणि थकबाकीचे आकडे त्यात असतात. अर्थात ते बहुतेकदा पूर्ण संस्थेचे असतात, एका शाखेचे नसतात.

"१५ कोटींची उलाढाल सांभाळली" हे दुसरं वाक्य. १५ कोटी हा मिलचा आकार झाला, माणसाचं काम नाही झालं. त्या मिलचा पहारेकरीसुद्धा १५ कोटींच्या मिलचाच पहारेकरी असतो. विचारायचं ते असं : दिवसाला किती व्हाउचर टाकत होता, बँकेची जुळवणी कोण करायचं, ताळेबंद सीएकडे जाण्याआधी कोण बघायचं. "मॅनेजर" या शब्दाचंही तेच. हाताखाली माणसं होती का आणि नेमणूकपत्रावर पद काय लिहिलंय, हे पाहिल्याशिवाय तो शब्द कोराच धरायचा.

तिसरं वाक्य जीएसटीतल्या ४ लाखांचं. "वाचवले" या शब्दाचे दोन अर्थ निघतात. एक चांगला : खरेदीवर भरलेल्या कराचं जे क्रेडिट कंपनीला मिळायला हवं होतं पण राहून गेलं होतं, ते शोधून मिळवून दिलं. दुसरा वाईट : जो कर भरायचा होता तो कागदावर लपवला. हिशेबनीस नेमताना यातला कुठला अर्थ आहे हे कळायलाच हवं. हे वाक्य तपासण्यासाठी मिलचे कागद मागायचे नसतात, त्याचं कारण पुढे येईल.

टिपण असं झालं

महिने मोजून, तीनही वाक्यं तपासून ताईंनी सीईओंसमोर जे पान ठेवलं ते साधारण असं होतं :

> अर्ज क्र. ११, पद : हिशेबनीस
>
> पदाच्या गरजेशी मेळ : टॅली – प्रमाणपत्र व तीन नोकऱ्यांत उल्लेख. जीएसटी – शेवटच्या नोकरीत उल्लेख. शेतकऱ्यांच्या पावत्या/पट्ट्या – अर्जात उल्लेख नाही. साठा – अर्जात उल्लेख नाही. अनुभव – २ वर्षांपेक्षा जास्त.
>
> अनुभव : अर्जात ९ वर्षं, तारखांनुसार साडेसहा ते पावणेआठ वर्षं.
>
> खंड : (१) पतसंस्था ते पुणे, ५ ते १६ महिने, पतसंस्थेचे महिने दिलेले नाहीत. (२) एप्रिल–डिसेंबर २०२१, ९ महिने. दोन्हींचं कारण अर्जात नाही.
>
> कामगिरी (उमेदवाराच्या शब्दांत) : वसुली ६० वरून ९२ टक्के, १५ कोटींची उलाढाल, जीएसटीत ४ लाखांची बचत. तिन्हींत स्वतःचा वाटा स्पष्ट नाही.
>
> पडताळायचं : पतसंस्थेच्या नेमक्या तारखा. मिलमधलं पद – मॅनेजर की असिस्टंट. मिलची नोकरी बारमाही की हंगामी. एम.कॉम. "अपिअर्ड" – किती विषय राहिले.
>
> विचारायचं : वसुलीतले आकडे कुठल्या महिन्यांचे? ४ लाख कसे वाचले, पायरीपायरीने. साठ्याची जुळवणी कधी केली आहे का?

अर्जात वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती आणि धर्म हेही लिहिलेलं होतं. बऱ्याच गावाकडच्या बायोडाटांत ते असतं, कारण लग्नाच्या बायोडाट्याचाच नमुना नोकरीला वापरला जातो. ताईंनी यातलं काहीच टिपणात घेतलं नाही. हिशेबाच्या कामाशी त्याचा संबंध नाही आणि साहेबाच्या डोळ्यांसमोर ते आलं की नकळत परिणाम होतो. "हुशार वाटतो", "संशय येतो" असे शब्दही कुठे नाहीत. जे अर्जदाराच्या तोंडावर वाचून दाखवता येणार नाही, ते टिपणात लिहायचं नाही, असा ताईंचा साधा नियम होता.

कुठला कागद काय सांगतो

मुलाखतीआधी ताईंनी उमेदवाराला फोन लावला. "दादा, अर्जात पतसंस्थेच्या नोकरीला फक्त सालं आहेत, महिने सांगता का? आणि मधल्या काळात काय करत होतात तेही सांगा. मुलाखतीला येताना नेमणूकपत्रं, अनुभवाचे दाखले आणि पगार जमा झालेलं पासबुक घेऊन या. जुन्या ठिकाणी आम्ही विचारलं तर चालेल ना?"

या शेवटच्या प्रश्नाला फार महत्त्व आहे. उमेदवाराच्या संमतीशिवाय कुठेही फोन करायचा नाही. आणि सध्या जिथे नोकरी चालू आहे तिथे तर नेमणूक पक्की होईपर्यंत करायचाच नाही. इकडे नोकरी लागायच्या आधीच तिकडे मालकाला कळलं, तर माणूस दोन्हीकडून जातो. अर्जांसोबत आलेल्या आधारच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रतीही संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या नसतात. त्या फाईलमध्येच राहायला हव्यात.

कागदांपैकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका उमेदवार स्वतःच्या मोबाईलवर डिजिलॉकरमधून समोर उघडून दाखवू शकतो. झेरॉक्सपेक्षा ते भरवशाचं. नोकरीच्या तारखांसाठी पीएफची नोंद उपयोगी पडते. यूएएन क्रमांकाने पीएफच्या संकेतस्थळावर गेलं की कुठल्या मालकाकडे कधी लागला आणि कधी सोडलं, हे उमेदवाराला दिसतं. त्याने स्वतः लॉगिन करून दाखवायचं. त्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागायचा नाही.

पण पीएफच्या नोंदीला मर्यादा आहेत. पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे लहान दुकानदाराकडे किंवा छोट्या संस्थेत काम केलेल्याची नोंद तिथे नसू शकते. काही ठिकाणी माणूस आधी कामाला लागतो आणि पीएफ नंतर सुरू होतो. म्हणून पीएफमध्ये नाव नाही यावरून नोकरीच नव्हती असं धरता येत नाही. मग बँकेचं पासबुक बघायचं. दर महिन्याला एकाच नावाने पगार जमा झालेला दिसला की तो पुरावा पुरेसा बोलका असतो.

जुन्या मालकाला विचारायचं तेही मोजकंच : कधीपासून कधीपर्यंत होता, पद काय होतं आणि जाताना कॅश व रजिस्टरांचा चार्ज नीट दिला का. हिशेबाच्या माणसाबाबत हा तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. "माणूस कसा होता?" असं मोघम विचारलं तर "चांगला होता" असंच उत्तर येतं, त्यातून काही हाती लागत नाही.

निघालं काय

पतसंस्थेच्या दाखल्यावर तारखा निघाल्या नोव्हेंबर २०१६ ते मार्च २०१८, म्हणजे १७ महिने. त्यानंतरचे १४ महिने उमेदवार पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. २०२१ मधले ९ महिने वडिलांच्या आजारपणात आणि नंतर शेती बघण्यात गेले. "अर्जात लिहिलं असतं तर बरं दिसलं नसतं," असं तो म्हणाला. खरं तर न लिहिल्यानेच प्रश्न उभा राहिला होता.

मिलच्या नोकरीत पीएफची तारीख नोव्हेंबर २०२२ निघाली, अर्जातल्या तारखेपेक्षा १० महिने उशिराची. इथेच थांबले असते तर "खोटं बोलला" असा शिक्का बसला असता. पासबुक उघडलं तर जानेवारी २०२२ चा पगार फेब्रुवारीत जमा होता आणि पुढेही खंड नव्हता. म्हणजे पहिले महिने पीएफशिवाय काम केलं होतं आणि नोकरी बारमाहीच होती. एकूण अनुभव झाला १७, २२ आणि ४२ मिळून ८१ महिने, म्हणजे पावणेसात वर्षं.

पदाचं मात्र तसं नव्हतं. नेमणूकपत्रावर "अकाउंट असिस्टंट" होतं. विचारल्यावर त्याने मान्य केलं. मिलमध्ये अकाउंटला तो एकटाच होता, म्हणून सगळे मॅनेजर म्हणायचे. वसुलीचे आकडेही सप्टेंबर आणि मार्चचे निघाले. त्याचं काम थकबाकीदारांच्या याद्या काढणं आणि नोटिसा तयार करणं हे होतं. म्हणजे काम खरं होतं, पण टक्केवारी त्याच्या नावावर लावण्याजोगी नव्हती.

४ लाखांसाठी तो मिलच्या खात्याच्या प्रिंट दाखवायला तयार होता. सीईओंनी थांबवलं. "ते तुमच्या मालकाचे कागद आहेत, आम्हाला नकोत. तोंडी सांगा." जो आज जुन्या मालकाचे कागद इथे दाखवेल, तो उद्या इथले कागद तिसरीकडे दाखवेल, हा साधा विचार. त्याने सांगितलं, की काही पुरवठादार आपली बिलं जीएसटीवर चढवत नव्हते, त्यामुळे मिलच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती दिसत नव्हती आणि क्रेडिट अडकलं होतं. खरेदी रजिस्टर आणि २बी ओळीने ताडून त्याने यादी काढली आणि पुरवठादारांच्या मागे लागून बिलं चढवून घेतली. रक्कम तपासता आली नाही. पण रीत बरोबर होती आणि काम न केलेल्या माणसाला ती एवढ्या तपशिलात सांगता येत नाही.

सीईओंनी आणखी एक प्रश्न टाकला. "मिलने शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर जीएसटी कोण भरतं?" उत्तर लगेच आलं : "रिव्हर्स चार्ज, मिलच भरते." जिनिंगच्या हिशेबात खरंच बसलेल्याला हे पाठ असतं. शेवटी अर्ध्या तासाची टॅली चाचणी घेतली. दहा बिलं, दोन मालपरती आणि साठ्यात मुद्दाम ठेवलेला तीन क्विंटलचा फरक. त्याने फरक शोधला, नोंदीतली चूक दाखवली, पण मालपरतीची एक नोंद चुकवली.

हे सगळं मूळ टिपणाच्या खाली जोडलं गेलं, प्रत्येक मुद्द्यापुढे "कागदाने सिद्ध", "तोंडी, पटण्याजोगं" किंवा "सिद्ध नाही" असं लिहून. नेमायचं की नाही हा निर्णय सीईओ आणि संचालकांचा. मॅनेजर शब्दाची फुगवणी आणि साठ्यातला फरक शोधणारं डोकं, दोन्ही त्यांच्यासमोर सारख्याच अक्षरांत होतं.

अर्ज लिहिणाऱ्यांनी

पलीकडून कसं वाचलं जातं हे कळलं, की अर्ज कसा लिहायचा तेही कळतं. प्रत्येक नोकरीला महिना आणि साल दोन्ही द्यावं. मधला खंड एका ओळीत सांगून टाकावा : "एप्रिल ते डिसेंबर २०२१, वडिलांचं आजारपण व घरची शेती." नेमणूकपत्रावर जे पद आहे तेच लिहावं आणि जास्तीचं काम केलं असेल तर खाली वेगळं सांगावं. परीक्षा पूर्ण झाली नसेल तर "अपिअर्ड" न लिहिता किती विषय राहिले ते लिहावं.

आणि कामगिरीत संस्थेचा आकडा नको, स्वतःचं काम लिहावं. "१५ कोटींची उलाढाल सांभाळली" याऐवजी "मिलच्या रोजच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक जुळवणी आणि जीएसटीआर-२बीची पडताळणी एकट्याने केली" असं लिहिलेलं वाक्य दिसायला लहान वाटतं. पण टिपण करणाऱ्या ताई ते जसंच्या तसं उचलून साहेबांपुढे ठेवू शकतात, शेजारी प्रश्नचिन्ह न लावता.